त्रिपुरवात घरी कशी करावी आणि पौर्णिमेला कुठे, कशी लावावी: नाशिकला नव्याने आलेल्यांसाठी

लग्न होऊन नाशिकला आले त्या वर्षी कार्तिकात सासूबाईंनी सांगितलं, "त्रिपुराची वात यंदा तू वळ." माहेरी आम्ही पणत्या लावायचो, तुळशीचं लग्न करायचो. पण साडेसातशे पदरांची एकच वात करून ती पौर्णिमेला जाळतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी केलेली पहिली वात पाच मिनिटांत काजळून बसली आणि घरभर धूर झाला. पुढची बरीच वर्षं सासूबाईंच्या शेजारी बसून शिकले. तेच इथे पायरीपायरीने लिहिते आहे, कारण दरवर्षी आमच्या सोसायटीत नव्याने आलेल्या दोन-तीन जणी तरी हेच प्रश्न घेऊन येतात.

गोष्ट थोडक्यात अशी. तारकासुराच्या तीन मुलांची, म्हणजे तारकाक्ष, कमलाक्ष आणि विद्युन्माली यांची सोन्याची, रुप्याची आणि लोखंडाची अशी तीन पुरं होती. ती तिन्ही एका रेषेत आली तेव्हा शंकराने एकाच बाणाने जाळली. म्हणून तो त्रिपुरारी आणि कार्तिकातली ही पौर्णिमा त्रिपुरारी पौर्णिमा. बोलण्यात आपण 'त्रिपुरी पौर्णिमा' किंवा नुसतं 'त्रिपूर' म्हणतो. 'त्रिपूर लावला का?' असं कोणी विचारलं तर ते या वातीबद्दलच विचारत असतात.

१. आधी तिथी बघा, नुसती तारीख नको

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. तिथी तारखेसारखी मध्यरात्री बदलत नाही. ती आदल्या रात्री सुरू होऊन दुसऱ्या संध्याकाळीच संपू शकते. त्रिपूर लावायचा असतो प्रदोषकाळी, म्हणजे सूर्य मावळल्यावर. त्यामुळे ज्या संध्याकाळी सूर्यास्ताला पौर्णिमा असेल ती आपली संध्याकाळ.

२०२५ चं उदाहरण घ्या. ५ नोव्हेंबरला पौर्णिमा संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास संपत होती आणि नाशिकला सूर्य सहाच्या आसपास मावळत होता. हातात जेमतेम पाऊण तास. आमच्या मजल्यावरच्या एकीने ऑफिसातून आल्यावर आठला वात काढली आणि मग हळहळली. सासूबाई तिला म्हणाल्या, "लाव गं, देव काही घड्याळ घेऊन बसलेला नाही." ते खरंच आहे. तरी आधी बघितलं असतं तर तिलाच बरं वाटलं असतं.

२०२६ मध्ये त्रिपुरी पौर्णिमा २४ नोव्हेंबरला आहे आणि ती रात्री सव्वाआठ-साडेआठपर्यंत चालते. सूर्य सहाच्या थोडा आधी मावळेल, म्हणजे दोन तास मोकळे मिळतील. २३ ला वैकुंठ चतुर्दशी. कॅलेंडरच्या चौकटीत नुसतं 'त्रिपुरारी पौर्णिमा' वाचून थांबू नका, खाली बारीक अक्षरात 'पौर्णिमा समाप्ती' दिलेली असते ती वाचा.

२. सामान

फार लागत नाही. कच्च्या सुताची एक लडी किंवा स्वच्छ पिंजलेला कापूस, गाईचं तूप दोन वाट्या, थोडं तिळाचं तेल, एक खोलगट मातीची मोठी पणती किंवा पितळी वाटी, स्टीलचं ताट, ताटात पसरायला कोरडी वाळू, कापराच्या दोन वड्या आणि वातीची पणती पूर्ण झाकेल असं एक धातूचं पातेलं. हे पातेलं शोभेसाठी नाही, त्याबद्दल पुढे लिहिते.

सूत घेताना एक परीक्षा करा. दोरा तोडून त्याचं टोक काडीने पेटवा. निव्वळ कापूस असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरगळली तर भुरभुरीत राख होते. दोरा आक्रसून टोकाला टणक मणी झाला, प्लॅस्टिकसारखा वास आला, तर त्यात नायलॉन किंवा पॉलिएस्टर आहे. अशी वात वितळून ठिबकते आणि काळा धूर सोडते. शिवणाचा रंगीत, गुळगुळीत रीळही नको. तो तूप नीट पीत नाही.

बाजारात 'त्रिपुर वात' म्हणून तयार जुड्याही मिळतात. रामकुंडाजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानांत आणि रविवार कारंजाच्या बाजूला पौर्णिमेच्या आठवडाभर आधीपासून त्या दिसायला लागतात. वेळ नसेल तर जरूर घ्या, पण एक पदर ओढून वरची परीक्षा तिथेच करा. ३६५ पदरांची वातही मिळते, काही घरांत तीच पद्धत आहे. तुमच्या घरी मोठं कोणी असेल तर त्यांना विचारून घ्या.

३. साडेसातशे पदर मोजायचे कसे

जुन्या बायका कापसाचा धागा बोटांनी ओढत, चिमटीला भस्म किंवा दुधाचं बोट लावून पाचपाच पदरी वाती वळत. अशा दीडशे वाती झाल्या की साडेसातशे पदर भरतात. सासूबाई कोजागिरीपासून रोज दुपारी दहा-बारा वाती वळतात, त्यामुळे त्यांचं काम कधी अंगावर येत नाही. तुम्हाला जमत असेल तर हीच पद्धत सगळ्यात चांगली, कारण हाताने ओढलेला सैल धागा तूप भरपूर पितो.

मला ते जमायला वेळ लागला. म्हणून मी लडीच्या सुताने करते ती पद्धत सांगते. जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घ्या, आठ सेंटिमीटर रुंद. त्यावर सूत गुंडाळत जा. प्रत्येक वेढ्याला दोन पदर होतात, एक पुढचा आणि एक मागचा. म्हणजे १२५ वेढे झाले की पुठ्ठ्याच्या दोन्ही कडांवर कात्री चालवायची, आणि आठ सेंटिमीटर लांबीचे २५० पदर हातात येतात. असं तीनदा केलं की साडेसातशे. एकूण सूत साठ मीटरच्या आसपास लागतं, थोडं जास्तच आणा.

मोजताना चूक होते ती सलग मोजल्यामुळे. ऐंशीच्या पुढे कोणीतरी हाक मारतं आणि आकडा निसटतो. म्हणून पंचवीस वेढे झाले की पुठ्ठ्याच्या कडेला पेन्सिलने एक रेघ ओढा. पाच रेघा म्हणजे एक जुडी. आमच्याकडे तिन्ही जुड्या वेगळ्या ठेवून शेवटी एकत्र बांधतात. ती बांधताना सासूबाई दरवेळी "तिन्ही पुरं एका रेषेत" म्हणतात. आता मीही म्हणते.

बांधायची जागा महत्त्वाची. मधोमध नको. वरून एक तृतीयांशावर, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटरवर त्याच सुताने दोन वेढे घेऊन गाठ मारा. गाठ आवळून टाकू नका. करंगळीने दाबली तर वात किंचित दबली पाहिजे. माझी पहिली वात बिघडली ती याच आवळलेल्या गाठीपायी. तूप गाठीच्या वर चढलंच नाही, वरचं टोक कोरडं राहिलं आणि कापूसच जळत बसला. गाठीखालचा भाग फाकवला की वात परकर पसरून बसलेल्या बाहुलीसारखी दिसते, आणि तशीच ती पणतीत उभी राहते.

४. तुपात भिजवणं

वात आदल्या रात्री, म्हणजे वैकुंठ चतुर्दशीला भिजत घाला. तूप कोमट करून पातळ करा. कडकडीत गरम नको. वात आधी आडवी बुडवा, बोटांनी हलके दाबा. बुडबुडे येतात, ती आतली हवा. बुडबुडे थांबेपर्यंत उलटसुलट करत दाबत राहा. मग झाकून ठेवा.

सकाळी वात भिजली का हे असं कळतं: मधले पदर नखाने थोडे बाजूला करून आत बघा. आतला भाग बाहेरच्यासारखाच पिवळसर, ओलसर दिसला तर झालं. आत पांढराशुभ्र कोरडा कापूस दिसला तर पुन्हा कोमट तुपात ठेवा.

आता नाशिकची खास अडचण. नोव्हेंबरात इथे संध्याकाळी गारठा पडतो आणि तूप थिजतं. थिजलेलं तूप वातीतून वर चढत नाही. ज्योत पेटते, टोकातलं तूप संपतं आणि मग वात स्वतःलाच खाते, टोकाला काळं बोंड धरून धुमसते. पुष्कळ जणी समजतात की वात नीट वळली गेली नाही. वात बरीच असते, तूप गोठलेलं असतं. उपाय सोपा आहे. पणतीत ओतायच्या तुपात चौथा हिस्सा तिळाचं तेल मिसळा आणि लावायच्या दहा मिनिटं आधी पणती गरम पाण्याच्या ताटलीत ठेवून तूप पातळ करून घ्या. पाणी पणतीत जाणार नाही एवढी काळजी घ्या, आणि पणती बाहेरून नीट पुसून मगच पुढे न्या.

मातीची पणती नवी असेल तर आदल्या दिवशी पाच-सहा तास पाण्यात बुडवून ठेवा आणि मग सावलीत पूर्ण सुकू द्या. नाहीतर ती तूप पिते आणि खालून ताट चिकट होतं. ओली पणती मात्र वापरू नका, तडतडते.

५. घरी लावताना

आधी तुळशीपाशी रोजचा दिवा आणि पणत्या लावून घ्या. तुळशीचं लग्न राहिलं असेल तर हा शेवटचा दिवस, द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंतच ते लावतात. ते संध्याकाळीच उरकून त्रिपूर नंतर लावा.

ताटात दोन बोटं वाळू पसरा, त्यावर पणती टेकवा, वात उभी करून भोवती अर्धी वाटी तूप ओता. तूप गाठीच्या खालीच राहिलं पाहिजे. टोकाचे पदर जरा मोकळे करून त्यावर कापराचा तुकडा ठेवून पेटवा, म्हणजे सगळे पदर एकदम धरतात. काडीने एकाच बाजूने पेटवलं तर अर्धी वात जळते आणि अर्धी कलंडते.

ही ज्योत पणतीच्या ज्योतीसारखी नसते, चांगली वीतभर उंच उठते. पहिल्यांदा बघणारा दचकतो. म्हणून देवघराच्या लाकडी चौकटीत, पडद्याजवळ, कपाटाखाली ती कधीच लावू नका. अंगण नसेल तर गॅलरीत लावा, पण वर वाळत घातलेले कपडे आधी काढा. गच्ची सगळ्यात उत्तम, मात्र वारा अडेल अशा कोपऱ्यात. अर्धी वाटी तुपात आमची वात पाऊण ते एक तास चालते. तेवढा वेळ घरातलं मोठं कोणीतरी तिथेच बसतं. आमच्याकडे त्या वेळात शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचतात.

आता त्या पातेल्याबद्दल. वात खाली जळत आली की पणतीतलं तूप फार तापतं. कधी ज्योत एकदम पसरून पणतीभर होते. त्या वेळी हात पाण्याकडे जातो, आणि तेच करायचं नाही. तापलेल्या तुपावर पाणी पडलं की ते फुटून भडका उडतो. आमच्या एका नातेवाइकांकडे असाच भडका होऊन गॅलरीतली प्लॅस्टिकची खुर्ची वितळली. सुदैवाने माणसं लांब होती. अशा वेळी पातेलं पालथं घालायचं आणि उचलून न बघता दहा मिनिटं तसंच ठेवायचं. हवा तुटली की ज्योत विझते. ताट हातात घेऊन बाहेर पळू नका, तूप सांडलं तर आग तुमच्या पायाशी येते.

६. गंगेवर आणि देवळात

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. 'गंगेवर जाऊन येतो' म्हणजे रामकुंडाकडे. सवय नसेल तर पहिल्या वेळी गोंधळ होतो, म्हणून सांगितलं.

वात देवळात लावायची असेल तर पंचवटीतलं कपालेश्वर मंदिर हे रामकुंडाच्या वरच्या अंगाला, पायऱ्या चढून. शंकराच्या या देवळात समोर नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पातकातून सुटायला रामकुंडात स्नान कर, असं नंदीनेच शंकराला सुचवलं, म्हणून इथे शंकराने त्याला गुरू मानलं आणि समोर बसू दिलं नाही, अशी कथा आहे. मोठी वात गाभाऱ्यात नेण्याचा आग्रह धरू नका. गर्दीत पेटती वात हातात धरून रांगेत उभं राहणं धोक्याचं आहे. ती न पेटवता न्या, आधी दर्शन घ्या, मग पुजाऱ्यांना विचारून ते सांगतील त्या जागी बाहेर लावा. ताट-वाळू घरून नेलीत तर फरशीवर तुपाचा ओघळ होत नाही आणि मागून येणारा घसरत नाही.

एक रात्र आधी जागता आलं तर जरूर जागा. वैकुंठ चतुर्दशीला हरिहर भेट असते. कपालेश्वराचा शंकर आणि होळकर पुलाजवळच्या सुंदरनारायण मंदिरातला विष्णू यांची ही भेट. एरवी शंकराला बेल आणि विष्णूला तुळस, पण या दिवशी शंकराला तुळस आणि विष्णूला बेल वाहतात. पहिल्यांदा सासूबाईंनी माझ्या हातात तुळस देऊन "ही कपालेश्वराला" म्हटलं तेव्हा मला वाटलं त्या चुकल्या. चुकल्या नव्हत्या.

पौर्णिमेच्या संध्याकाळी घाटावर दीपदान असतं. त्यासाठी पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात कणकेचा दिवा, छोटी फुलवात आणि दोन झेंडूच्या पाकळ्या एवढंच न्या. कणीक घट्ट मळा, मीठ घालू नका, आणि दिव्याचा तळ जाड ठेवा, म्हणजे द्रोण कलंडत नाही. तूप दिव्याच्या निम्म्यापर्यंतच. घाटावर विकायला येणारे थर्माकोलचे आणि चकचकीत कागदाचे द्रोण घेऊ नका. ते पुढच्या पुलाखाली अडकून आठवडाभर तसेच पडलेले मी दरवर्षी बघते. साडेसातशे पदरांची वात पाण्यात सोडायची नसते, तिचं वजन द्रोणाला पेलत नाही आणि तूप पाण्यावर पसरतं.

शेवटच्या पायरीवर शेवाळ असतं. त्याच्या वरच्या पायरीवर बसून हात लांब करा, द्रोण पाण्यावर टेकवा आणि मागून हाताने पाणी हलकं ढकला. फेकला तर तो तिथेच विझतो. लेकरांना पाण्याच्या बाजूला बसवू नका. गाडी घाटापर्यंत नेण्याच्या भानगडीत पडू नका, रविवार कारंजापाशी उतरून पूल ओलांडून चालत या.

७. एका दिवसात सगळं करू नका

त्याच दिवशी पंचवटीतलं कार्तिकस्वामींचं मंदिर उघडतं. एरवी ते बंद असतं. कार्तिक पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्रावर दर्शन घ्यायची प्रथा आहे, आणि देवाला मोरपीस वाहतात. पण नक्षत्र आणि पौर्णिमा दरवर्षी जुळतातच असं नाही. २०२५ मध्ये पौर्णिमेच्या संध्याकाळी भरणी नक्षत्र होतं, कृत्तिका दुसऱ्या दिवशी लागली. २०२६ मध्ये २४ नोव्हेंबरला दोन्ही एकत्र आहेत, म्हणजे रांग मोठी असणार. पहाटे जाऊन या.

त्र्यंबकेश्वरला त्रिपुरी पौर्णिमेचा रथोत्सव असतो. त्र्यंबकराजाचा रथ देवळापासून कुशावर्तापर्यंत जातो. बघण्यासारखाच आहे. पण नाशिकहून ते तीस किलोमीटरच्या आसपास, आणि त्या संध्याकाळी परतीला किती वेळ लागेल सांगता येत नाही. पहिल्या वर्षी घरची वात आणि गंगाघाट करा, रथ पुढच्या वर्षी. मी दोन्ही एकाच संध्याकाळी करायला गेले तेव्हा रथही धड दिसला नाही आणि घरी पोचेस्तोवर पौर्णिमा सरली होती. वात तशीच पातेल्याखाली, तुपात, वाट बघत होती.

८. दुसऱ्या दिवशी

पणती पूर्ण गार झाल्यावर उरलेला काळा बुडखा आणि थोडी राख तुळशीच्या मुळाशी नको. तुपामुळे माती घट्ट होते आणि मुंग्या लागतात. आम्ही तो कागदात गुंडाळून झाडाखाली खड्डा करून पुरतो. पणतीत तूप उरलं असेल तर जळका वास येत नाही ना हे बघून पुढचे चार दिवस निरांजनाला वापरतो. पितळी वाटी कोमट पाण्यात चिंच लावून घासली की लखलखते. पुठ्ठ्याचा तो आठ सेंटिमीटरचा तुकडा मी पेन्सिलच्या रेघांसकट देवघराच्या खणात ठेवते, पुढच्या कोजागिरीला लगेच हाताशी येतो.